लांबलचक मराठी ईमेलमधून साहेबांसाठी मोजके इंग्रजी मुद्दे कसे काढावेत

काम वरवर सोपं दिसतं. कारखान्यातून किंवा शाखेतून दीड पानाचा मराठी ईमेल येतो आणि तो संचालकांपुढे इंग्रजीत, पाच-सहा मुद्द्यांत ठेवायचा असतो. बरेच जण पहिल्या ओळीपासून भाषांतर सुरू करतात. मग ते लांब झालं म्हणून इकडचे-तिकडचे शब्द कापतात आणि शेवटी उरलेल्या प्रत्येक वाक्याच्या आधी एकेक ठिपका देऊन मोकळे होतात. वाचणाऱ्याच्या हाती दहा ठिपके पडतात, आणि त्याने नेमकं काय करायचं आहे ते नवव्या ठिपक्यात, तेही आडवळणाने लिहिलेलं असतं.

यातली चूक इंग्रजीची नसून क्रमाची असते. आपल्याकडचा कार्यालयीन ईमेल आधी मान देतो, मग पार्श्वभूमी सांगतो, मग अडचण, आणि विनंती अगदी शेवटी करतो. दोन बैठकांच्या मधे फोनवर ईमेल उघडणाऱ्या माणसाला हेच सगळं उलट्या क्रमाने हवं असतं. नुसती कापाकापी केल्याने हा क्रम उलटत नाही. त्यासाठी ईमेल आधी मोडावा लागतो, तपासावा लागतो आणि मगच इंग्रजीत उतरवावा लागतो.

खाली एकच ईमेल घेऊन सगळे टप्पे करून दाखवले आहेत. समजा, सोमवारी ९ जूनला सकाळी हा ईमेल आला:

> आदरणीय साहेब, सादर नमस्कार.
>
> मागील आढावा बैठकीत आपण दिलेल्या सूचनांनुसार पॅकिंग विभागात बरीच सुधारणा झाली आहे हे कळवताना आनंद होतो. आपल्याला कल्पना आहेच की दोन नंबरच्या पॅकिंग मशीनचा गिअरबॉक्स गेले काही महिने आवाज करत होता व मेंटेनन्सने तशी वेळोवेळी नोंदही केली होती. शुक्रवारी दुसऱ्या पाळीत तो पूर्ण बंद पडला. मेंटेनन्सच्या मंडळींनी रात्रभर थांबून शर्थीचे प्रयत्न केले, त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु आतले गिअर झिजल्याने तात्पुरती दुरुस्ती होऊ शकली नाही. सध्या सर्व भार एक नंबरच्या मशीनवर असून बहुतेक ऑर्डरी वेळेत जात आहेत. निर्यातीचा माल मात्र अडकला आहे. तो वीस तारखेला निघायचा असून आत्ताच्या वेगाने साडेतीनशे पेट्या मागे राहतील असे दिसते.
>
> सप्लायरशी परवा बोलणे झाले. नवीन गिअरबॉक्स त्यांच्याकडे शिल्लक आहे, ऑर्डर दिल्यावर आठ दिवसांत बसवून देतील व खर्च पावणेतीन लाखांच्या आसपास जाईल. दुरुस्तीचाही पर्याय आहे, तो लाखभरात होईल, पण त्याला पंधरा दिवस लागतील व हमी मिळणार नाही. दोन लाखांवरील खर्चाला आपली मंजुरी लागते असे खरेदी विभागाने सांगितले. आम्हाला वाटते की नवीनच घेतलेला बरा, तरी आपण योग्य तो विचार करून मार्गदर्शन करावे. शक्य झाल्यास एक-दोन दिवसांत कळवल्यास पुढची तयारी करता येईल. दरम्यान जादा पाळी लावण्याचेही बघत आहोत.

## टप्पा १: वाचणारा कोण आणि त्याने काय करायचं

इंग्रजीचा विचार करण्याआधी कागदावर एक वाक्य मराठीतच पुरं करा: ‘हे वाचून साहेबांनी अमुक करावं.’ इथे ते असं होईल: साहेबांनी नव्या गिअरबॉक्सच्या खर्चाला मंजुरी द्यावी किंवा नाकारावी. हे वाक्य पुरं होत नसेल तर दोनच शक्यता उरतात. एकतर ईमेल फक्त माहितीसाठी आहे, आणि मग विषयाच्या ओळीत तसं सांगायचं. नाहीतर पाठवणाऱ्यालाच काय हवं ते ठरलेलं नाही, आणि मग भाषांतर करण्याआधी त्याला फोन करायचा.

वाचणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे हेही इथेच ठरवा. कारखान्याच्या माणसाला ‘दोन नंबर’ म्हटलं की पुरतं. वरच्या मजल्यावर ते कशाचं दोन नंबर, हा प्रश्न पडतो. पाठवणारा ‘आपल्याला कल्पना आहेच’ असं लिहितो तेव्हा ती कल्पना असेलच असं समजू नका. बहुतेक वेळा ते नुसतं सौजन्य असतं.

## टप्पा २: ईमेल शेवटाकडून वाचा

विनंती शोधायची तर शेवटच्या चार-पाच वाक्यांत शोधा. ती सरळ क्रियापदात क्वचितच सापडते. ‘मार्गदर्शन करावे’, ‘योग्य तो निर्णय व्हावा’, ‘कळवल्यास बरे होईल’, ‘आपल्या विचारार्थ सादर’ ही तिची नेहमीची रूपं. आपल्या ईमेलमध्ये मार्गदर्शन मागितलेलं आहे, पण गरज मंजुरीची आहे. हे कळतं त्याच्या आधीच्या वाक्यावरून: दोन लाखांच्या वरचा खर्च साहेबांच्या सहीशिवाय होत नाही. म्हणजे ईमेल वर का आला याचं उत्तर खरेदी विभागाच्या त्या एका वाक्यात आहे, आणि घाईने वाचणारा नेमकं तेच ‘अंतर्गत प्रक्रिया’ म्हणून वगळतो.

शिफारसही अशीच दबकत आलेली आहे. ‘नवीनच घेतलेला बरा’ हे कारखान्याचं ठाम मत आहे. त्याच्यापुढे ‘आम्हाला वाटते’ आणि मागे ‘तरी आपण योग्य तो विचार करून’ असल्याने ते मत कच्चं वाटतं, इतकंच. इंग्रजीत ते शिफारस म्हणूनच जायला हवं.

थांबा आणि तपासा: विनंती, मुदत आणि शिफारस या तिन्हींवर बोट ठेवता येतंय का? ईमेलमध्ये दोन वेगळ्या विनंत्या निघाल्या, म्हणजे गिअरबॉक्सची मंजुरी आणि एखाद्याची बदली, तर दोन वेगळे ईमेल करा. एकाच ईमेलमध्ये दोन निर्णय मागितले की सोप्या निर्णयाचं उत्तर येतं आणि अवघड निर्णय तसाच पडून राहतो.

## टप्पा ३: वाक्यं वेगळी करा

आता ईमेल छापून घ्या किंवा पडद्यावर रंग द्या. विनंतीला एक रंग, पडताळून पाहता येईल अशा माहितीला दुसरा आणि मताला तिसरा. ज्याला रंग मिळाला नाही ते सौजन्य समजायचं. नमस्कार, सूचनांचा उल्लेख, सुधारणेचा आनंद, रात्रभराच्या प्रयत्नांचं कौतुक हे सगळं बिनरंगाचं राहतं आणि इंग्रजी मुद्द्यांत येत नाही. पाठवणाऱ्याला याचं वाईट वाटेल अशी भीती असते. म्हणून मूळ ईमेल खाली जसाच्या तसा जोडायचा. कौतुक तिथे वाचता येतं आणि आपण काही दडवलं असंही होत नाही.

एक वाक्य मात्र विचार करायला लावतं: गिअरबॉक्स काही महिने आवाज करत होता आणि मेंटेनन्सने नोंद केली होती. माहिती म्हणून ते खरं आहे, पण त्याच्या पोटात ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’ असा सूर आहे. मुद्द्यांत टाकलं तर चर्चा मंजुरीवरून दोष कुणाचा यावर जाईल. माझं मत असं की निर्णय मागणाऱ्या मुद्द्यांत ते घेऊ नये. पण ते मूळ ईमेलमधून खोडायचंही नाही. साहेबांनी ‘हे आधी का कळलं नाही’ असं विचारलंच, तर मेंटेनन्सच्या नोंदींच्या तारखा हाताशी असाव्यात. ज्या ईमेलचा विषयच ‘असं का झालं’ हा आहे, तिथे हेच वाक्य पहिल्या मुद्द्यात येईल. काय ठेवायचं हे टप्पा १ मधलं वाक्य ठरवतं. एखादी गोष्ट ऐकायला कटू आहे म्हणून ती वगळायची नाही आणि गोड आहे म्हणून ठेवायचीही नाही.

## टप्पा ४: तारखा, आकडे आणि निसरडे शब्द पक्के करा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण हे शब्द मराठीत कानाला नेमके वाटतात.

परवा. हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. ‘बोलणे झाले’ असा भूतकाळ आहे म्हणून इथे तो होऊन गेलेला दिवस आहे. ईमेल सोमवारचा, म्हणजे शनिवार, ७ जून. पण ईमेल कालच लिहून आज पाठवला असेल तर तारीख एक दिवस मागे सरकते. इंग्रजीत नेहमी वार आणि तारीख दोन्ही लिहा. एक चुकलं तर दुसऱ्यावरून लगेच कळतं.

आठ दिवस, पंधरा दिवस. बोलण्यात आठ दिवस म्हणजे एक आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. इंग्रजीत आठ आणि पंधरा हे आकडे लिहिले की वाचणारा शब्दशः आठ आणि पंधरा मोजतो. एका दिवसाने काय बिघडतं असं वाटेल, पण या उदाहरणात सगळं त्या एका दिवसावरच अडलेलं आहे, ते पुढे दिसेल. शिवाय हे दिवस कधीपासून मोजायचे? तोंडी होकारापासून, लेखी ऑर्डरपासून की पैसे मिळाल्यापासून?

पावणेतीन लाखांच्या आसपास. पावणेतीन म्हणजे २.७५. घाईत त्याचं ३.२५ झालेलं किंवा ‘साधारण तीन’ झालेलं पाहायला मिळतं. मंजुरीसाठी ‘आसपास’ चालत नाही. लेखी दरपत्रकातला आकडा हवा, आणि तो कर धरून आहे की वगळून हेही हवं. वाचणारा परदेशी असेल तर लाख हा शब्दच टाळा आणि स्वल्पविरामही त्याच्या सवयीप्रमाणे द्या. २,७५,००० ही रचना त्याला छापण्याची चूक वाटू शकते.

बहुतेक. ‘बहुतेक ऑर्डरी वेळेत जात आहेत’ म्हणजे बऱ्याचशा जात आहेत, काही जात नाहीत. तोच शब्द पुढे सरकवून ‘ऑर्डरी बहुतेक वेळेत जातील’ असं लिहिलं की अर्थ ‘अंदाज आहे, खात्री नाही’ असा होतो. इंग्रजीत या दोन अर्थांना वेगळे शब्द लागतात. चुकीचा निवडला तर जी ऑर्डर आजच उशिरा चालली आहे तिचा पत्ताच लागत नाही.

बघत आहोत, प्रयत्न करू, शक्यतो. यांतलं काहीही आश्वासन नाही. जादा पाळी लावण्याचं ‘बघत आहोत’ हे इंग्रजीत ‘जादा पाळी लावली जात आहे’ असं गेलं, तर वाचणारा समजेल की तोवर त्या पाळीत पेट्या भरल्या जातील, आणि त्या हिशेबावर मंजुरी पुढे ढकलेल.

आपण. हा ‘तुम्ही’ही असतो आणि ‘आपण सगळे’ही. या ईमेलमध्ये अडचण नाही, पण ‘आपण ग्राहकाशी बोलून घ्यावे’ असं वाक्य आलं तर कोण बोलणार हे विचारूनच पुढे जा.

सावधान: उलट दिशेनेही चूक होते. पाठवणाऱ्याने ‘मागे राहतील असे दिसते’ असं लिहिलं असताना इंग्रजीत ते ठाम विधान करू नका. अंदाज असेल तर अंदाजच राहू द्या, नाहीतर फोन करून खात्री करून घ्या.

## टप्पा ५: पाठवणाऱ्याला एकच फोन

शंका एकेक करून विचारू नका. यादी करून एकदाच फोन करा. आपल्या ईमेलसाठी यादी अशी होती, आणि शेजारी मिळालेली उत्तरं:

- आठ दिवस कधीपासून? लेखी ऑर्डर मिळाल्यापासून सात दिवस. सातव्या दिवशी संध्याकाळी मशीन सुरू.
- दोन नंबरचं मशीन रोज किती पेट्या भरतं? १८०.
- लेखी दर किती? २ लाख ७८ हजार, कर धरून.
- देशातल्या ऑर्डरींपैकी कोणती उशिरा चालली आहे? अजून एकही नाही.
- जादा पाळी ठरली का? नाही.

दुसरा प्रश्न मूळ ईमेलमध्ये कुठेच नव्हता, आणि तोच सर्वांत कामाचा ठरला. हिशेब करून पाहा. माल २० जूनला निघणार, म्हणजे १९ जूनपर्यंत पेट्या भरून व्हायला हव्यात. ऑर्डर १० जूनला दिली तर १७ जूनच्या संध्याकाळी मशीन तयार होतं, १८ आणि १९ असे दोन दिवस हाती राहतात आणि ३६० पेट्या भरतात. गरज ३५० ची आहे, म्हणजे जेमतेम जमतं. तीच ऑर्डर ११ जूनला दिली तर एकच दिवस उरतो, १८० पेट्या होतात आणि १७० मागे राहतात.

म्हणजे ‘शक्य झाल्यास एक-दोन दिवसांत’ या नम्र वाक्याच्या आड ‘उद्या संध्याकाळपर्यंत, नाहीतर उपयोग नाही’ अशी मुदत लपलेली होती. दुरुस्तीच्या पर्यायाचंही तसंच. १० जूनपासून दोन आठवडे म्हणजे २४ जून, आणि माल तर २० ला निघायचा आहे. लाखभरातली दुरुस्ती स्वस्त दिसते, पण या मालासाठी ती पर्याय उरतच नाही. हे पाठवणाऱ्याने लिहिलं नव्हतं, कदाचित त्यालाही इतकं स्पष्ट दिसलं नसावं. नुसतं भाषांतर केलं असतं तर साहेबांपुढे दोन सारखे पर्याय गेले असते आणि कोणीही स्वस्त पर्याय निवडला असता.

थांबा आणि तपासा: असा हिशेब तुम्ही काढला असेल तर तो पाठवणाऱ्याला त्याच फोनवर वाचून दाखवा आणि होकार घ्या. ईमेल त्याच्या नावाने वर जातो, त्यामुळे निष्कर्षही त्याला मान्य असायला हवा.

## टप्पा ६: आधी मराठीतच सहा ओळी

हा टप्पा वगळायचा मोह होतो. पण तो वगळला की मूळ ईमेलची वाक्यरचना इंग्रजीत शिरते. मूळ ईमेल बाजूला ठेवा आणि कुणी फोनवर ‘काय झालंय, थोडक्यात सांग’ असं विचारल्यासारखं लिहा:

नव्या गिअरबॉक्सला २.७८ लाख मंजूर करा. उद्या संध्याकाळपर्यंत हवं. नाहीतर २० तारखेच्या निर्यातीत पेट्या कमी पडतील. दुरुस्ती स्वस्त आहे, पण २४ ला होईल. कारखाना म्हणतो नवीन घ्या. बाकी ऑर्डरी ठीक आहेत.

हे वाक्यांचे तुकडे आहेत, आणि तसेच असावेत. यात ‘कळवण्यात येते की’ किंवा ‘सदर’ शिरलं तर तुम्ही अजून मूळ ईमेलकडेच बघत आहात.

## टप्पा ७: इंग्रजीत उतरवणं

प्रथम नेहमी होतं तसं पाहा. हे पहिल्या ओळीपासून केलेलं भाषांतर आहे:

```
- This is to inform you that gearbox of Machine No. 2
  has been broken down on Friday.
- Maintenance team has tried their level best.
- Most probably orders are going in time.
- New gearbox will be fitted in 8 days, cost around 3 lakhs.
- Kindly guide and do the needful at the earliest.
```

इथे व्याकरणाच्या चुका आहेतच, पण खरा बिघाड वेगळा आहे. निर्णय शेवटच्या ओळीत आहे आणि तिथेही निर्णय कोणता ते सांगितलेलं नाही. ‘डू द नीडफुल’ हे वाचणाऱ्यावर सोडलेलं कोडं आहे. ‘बहुतेक’चा चुकीचा अर्थ घेतला गेला आहे. रक्कम फुगली आहे. ‘ॲट द अर्लिएस्ट’ला तारीख नाही, म्हणून तो ईमेल सर्वांत शेवटी उघडला जातो.

टप्पा ६ मधल्या ओळींवरून केलेलं हे:

```
- Decision needed: approve Rs 2.78 lakh (tax included) for a
  new gearbox, Packing Machine 2. By Tue 10 Jun, 6 pm.
- At risk: export shipment of Fri 20 Jun. About 350 boxes short
  if the machine stays down.
- Why by Tuesday: order on 10 Jun covers the full gap.
  Order on 11 Jun leaves about 170 boxes short.
- Alternative: repair, about Rs 1 lakh, no warranty.
  Ready 24 Jun, after the shipment date.
- Plant recommends: buy new.
- Not affected: domestic orders, on time so far.
  Extra shift not confirmed, not counted above.
```

काय केलं ते पाहा. प्रत्येक मुद्द्याच्या सुरुवातीला एक-दोन शब्दांची पाटी आहे, त्यामुळे नुसत्या डाव्या कडेवरून नजर फिरवली तरी ईमेलचा सांगाडा कळतो. पहिल्या मुद्द्यात निर्णय, रक्कम आणि वेळ एकत्र आहेत, म्हणून तेवढंच वाचून उत्तर देता येतं. शिफारसीपुढे ती कुणाची आहे हे लिहिलं आहे, म्हणजे ते तुमचं मत ठरत नाही. दुरुस्तीची रक्कम अंदाजेच होती, म्हणून तिच्याआधी ‘अबाउट’ राहिलं. गिअरबॉक्सची रक्कम लेखी होती, म्हणून तिथून ते गेलं. १८० आणि ३६० हे आकडे वगळले आहेत. ते हिशेबाचे आकडे, विचारलेच तर सांगायचे.

मराठी वळणाच्या इंग्रजीतून दोन सवयी मुद्दाम काढून टाका. एक म्हणजे कर्त्याशिवायची वाक्यं. ‘निर्णय घेण्यात यावा’ हे इंग्रजीत तसंच गेलं की निर्णय कोणी घ्यायचा ते हरवतं. क्रियापद पुढे आणा: मंजूर करा, निवडा, सही करा. मराठीत हे फर्मान वाटेल, पण मुद्द्यांच्या यादीत इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात उद्धटपणा दिसत नाही, कारण आधीच ‘निर्णय हवा’ अशी पाटी आहे. दुसरी सवय ‘द सेम’, ‘ॲज पर’, ‘वुइथ रेफरन्स टू द अबव्ह’ या सांध्यांची. मुद्दे सुटे असतील तर सांधे लागतच नाहीत. एखाद्या मुद्द्याला मागच्याचा आधार लागत असेल तर तो मुद्दा अजून अर्धाच आहे.

सावधान: मुद्द्यांची संख्या कमी करायची म्हणून दोन गोष्टी ‘अँड’ने जोडू नका. सहा पुरत नसतील तर सात चालतील. पण सातवा मुद्दा वाचून निर्णय बदलणार नसेल तर तो काढा.

## टप्पा ८: विषयाची ओळ आणि शेवटची तपासणी

विषयाची ओळ सगळ्यात शेवटी लिहा, कारण आता कुठे काय मागायचं ते पक्कं झालं. ‘गिअरबॉक्सबाबत’ असा विषय काहीच सांगत नाही. वार आणि कृती पुढे घ्या. फोनवर विषयाच्या ओळीचा सुरुवातीचा भागच दिसतो:

```
Approve by Tue 10 Jun: gearbox, Rs 2.78 lakh
```

पाठवण्याआधी ईमेल स्वतःला पाठवून फोनवर उघडा. बोट न फिरवता पहिले दोन मुद्दे पूर्ण दिसतात का? दिसत नसतील तर वरचं ‘गुड मॉर्निंग’ आणि प्रस्तावना काढा. मग फक्त पहिला मुद्दा वाचा आणि स्वतःला विचारा, एवढ्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल का.

यानंतर आकड्यांची उलटतपासणी. तुमच्या मुद्द्यांतला प्रत्येक आकडा आणि तारीख मूळ ईमेलमध्ये किंवा फोनच्या टिपणात बोटाने दाखवता आली पाहिजे. जी दाखवता येत नाही ती भाषांतरात जन्मलेली आहे. वेळ असेल तर मुद्दे पाठवणाऱ्याला फोनवर मराठीत वाचून दाखवा. इंग्रजी मसुदा पाठवून ‘ठीक आहे का’ असं विचारलं तर संकोचाने ‘ठीक आहे’ असंच उत्तर येतं. तेच मराठीत ऐकवलं की तो लगेच म्हणतो, ‘नाही हो, सप्लायरने हा दर येत्या सोमवारपर्यंतच धरलाय.’ असं काही निघालं तर ते पहिल्या किंवा तिसऱ्या मुद्द्यात घाला.

मूळ मराठी ईमेल खाली जोडा आणि फोनवर मिळालेली माहिती कोणती, हे त्याच्या वर एका ओळीत लिहा. नाहीतर मूळ ईमेल वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला १० जून ही मुदत कुठून आली ते कळणार नाही आणि तो ती तुमची समजूत मानेल.

## टप्पा ९: उत्तर आलं की परत मराठीत

साहेबांचं उत्तर बहुधा दोन-चार शब्दांचं असतं. ते तसंच पुढे ढकललं की कारखान्यात पुन्हा अर्थ लावणं सुरू होतं. समजा मंगळवारी, १० जूनला सकाळी उत्तर असं आलं:

```
OK for new. Get warranty in writing first.
```

यात मंजुरी आहे आणि एक अटही आहे. ती अट ऑर्डरच्या आधीची आहे आणि ऑर्डर आजच जायची आहे. पाठवणाऱ्याला कळवताना हे सुटं करून लिहा: नव्या गिअरबॉक्सला २ लाख ७८ हजारांची मंजुरी मिळाली. सप्लायरकडून हमीपत्र आज दुपारपर्यंत ईमेलवर घ्या. ते आल्यावर लेखी ऑर्डर संध्याकाळच्या आत द्या आणि दिल्याची वेळ मला कळवा. हमीपत्राला उद्याचा दिवस लागणार असेल तर न थांबता फोन करा, कारण मग १७० पेट्यांचा प्रश्न साहेबांपुढे पुन्हा न्यावा लागेल.